क्रेडिट कार्डावरची खरेदी हप्त्यांत बदलताना वर्षाचा खरा खर्च कसा काढायचा

'तुमची ६०,००० रुपयांची खरेदी सोप्या हप्त्यांत बदला, व्याज वार्षिक १५ टक्के, प्रक्रिया शुल्क फक्त १ टक्का.' असा मेसेज आला की बहुतेक जण मनात बेरीज करतात: पंधरा आणि एक, सोळा. प्रत्यक्षात सहा महिन्यांच्या मुदतीला हाच व्यवहार वर्षाला जवळपास २२ टक्क्यांना पडतो. बँकेने इथे काही खोटे सांगितलेले नसते. चूक हिशेबाच्या पद्धतीत होते, आणि ती तीन ठिकाणी होते. व्याजावरचा जीएसटी धरला जात नाही. शुल्क वर्षभराचे आहे असे समजले जाते. आणि एकूण खर्चाला पूर्ण रकमेने भागले जाते, जरी ती पूर्ण रक्कम फक्त पहिलाच महिना आपल्याकडे असते.

खाली हेच उदाहरण शेवटपर्यंत सोडवले आहे. आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या कार्डाचे आकडे त्याच क्रमाने घाला. क्रम मात्र बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्याला लागते.

## टप्पा १: बटण दाबण्याआधी सहा गोष्टी लिहून घ्या

अॅपमध्ये 'ईएमआयमध्ये बदला' असे बटण दिसते आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत महिन्याचा हप्ता असतो. त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. आधी कागदावर एवढे उतरवा:

1. हप्त्यांत बदलली जाणारी रक्कम.
2. महिन्यांची संख्या.
3. वार्षिक व्याजदर, आणि तो घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट.
4. प्रक्रिया शुल्क: टक्केवारीत की ठरावीक रक्कम, आणि त्यावर जीएसटी वेगळा का.
5. मुदतीआधी कर्ज बंद केल्यास लागणारे शुल्क.
6. हीच वस्तू एकरकमी पैसे भरून घेतली असती तर मिळालेली सूट.

सहावी गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. ती का महत्त्वाची, ते सातव्या टप्प्यात दिसेल.

रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड नियमांनुसार, खरेदी हप्त्यांत बदलण्यापूर्वी मुद्दल, व्याज आणि दिलेली सूट हे तीन आकडे ग्राहकाला स्पष्ट दाखवणे कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. तेच आकडे पुढे स्टेटमेंटमध्येही वेगळे दिसले पाहिजेत. म्हणून फोनवर 'हो' म्हणण्यापेक्षा अॅप किंवा नेटबँकिंगमधून व्यवहार करा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवरच करायचे असेल, तर हे आकडे आधी एसएमएस किंवा ईमेलवर मागून घ्या.

सावधान: 'महिना फक्त सव्वा टक्का' असे कोणी सांगितले तर तो दर कशावर आहे हे लगेच विचारा. घटत्या शिलकीवर महिना सव्वा टक्का म्हणजे वार्षिक १५ टक्के. तोच दर फ्लॅट असेल तर सहाही महिने पूर्ण ६०,००० वर व्याज लागते, म्हणजे ४,५०० रुपये. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर जीएसटी आणि शुल्क धरण्याआधीच वार्षिक २५ टक्क्यांच्या वर जातो.

## टप्पा २: महिन्यामहिन्याचे व्याज मांडा

उदाहरण: रक्कम ६०,००० रुपये, मुदत ६ महिने, घटत्या शिलकीवर वार्षिक १५ टक्के, प्रक्रिया शुल्क १ टक्का. हप्ता येतो १०,४४२ रुपये. हा आकडा बँकेने दाखवलेलाच असतो. स्वतः पडताळायचा असेल तर कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाका:

```
=PMT(15%/12, 6, -60000)
```

आता प्रत्येक महिन्याचे व्याज काढा. महिन्याच्या सुरुवातीच्या शिलकीला १.२५ टक्क्यांनी गुणा, ते व्याज. हप्त्यातून व्याज वजा केले की मुद्दल, आणि शिलकीतून मुद्दल वजा केले की पुढच्या महिन्याची शिल्लक.

| महिना | सुरुवातीची शिल्लक | व्याज | फेडलेले मुद्दल |
|---|---|---|---|
| १ | ६०,००० | ७५० | ९,६९२ |
| २ | ५०,३०८ | ६२९ | ९,८१३ |
| ३ | ४०,४९५ | ५०६ | ९,९३६ |
| ४ | ३०,५५९ | ३८२ | १०,०६० |
| ५ | २०,४९९ | २५६ | १०,१८६ |
| ६ | १०,३१३ | १२९ | १०,३१३ |

व्याजाची बेरीज २,६५२ रुपये.

दुसरा रकाना नीट पाहा. साठ हजारांचे कर्ज फक्त पहिल्या महिन्यापुरते आहे. चौथ्या महिन्यात ते निम्म्यावर आलेले असते. सहा महिन्यांची सरासरी काढली तर तुमच्याकडे बँकेचे सुमारे ३५,००० रुपयेच होते. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे.

तपासणी: हप्ता गुणिले महिने, वजा मूळ रक्कम, हे व्याजाच्या बेरजेइतके आले पाहिजे. इथे १०,४४२ × ६ = ६२,६५२, वजा ६०,००० म्हणजे २,६५२. दोन-चार रुपयांपेक्षा जास्त फरक पडला, तर दर फ्लॅट आहे किंवा बँकेने दाखवलेल्या हप्त्यात आणखी काही मिसळलेले आहे.

## टप्पा ३: व्याजावरचा जीएसटी जोडा

घरकर्ज, वाहनकर्ज किंवा पर्सनल लोन यांच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, कारण कर्जावरच्या व्याजाला त्यातून सूट आहे. क्रेडिट कार्ड सेवेतल्या व्याजाला मात्र त्या सूट देणाऱ्या अधिसूचनेतूनच वगळले आहे. म्हणून कार्डावरच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. हा बँकेने आपल्या मनाने लावलेला आकार नाही, त्यामुळे तो माफ करा म्हणून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

दाखवलेल्या १०,४४२ च्या हप्त्यात हा कर नसतो. तो दर महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये वेगळ्या ओळीत येतो, म्हणून 'हप्ता ठरल्यापेक्षा जास्त का आला' अशी तक्रार पहिल्याच महिन्यात होते. आपल्या उदाहरणात कर असा येतो: १३५, ११३, ९१, ६९, ४६ आणि २३. एकूण ४७७ रुपये.

याचा थेट परिणाम असा की कार्डावरचा १५ टक्के दर हा इतर कर्जांच्या १७.७ टक्क्यांबरोबरचा असतो, कारण १५ ला १.१८ ने गुणले की १७.७ येतात. अजून शुल्क धरलेलेच नाही.

सावधान: काही स्टेटमेंटमध्ये कर एकाच ओळीत १८ टक्के म्हणून दिसतो, तर काहींत सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा ९-९ टक्क्यांच्या दोन ओळी असतात. एकच ओळ धरली तर कर निम्माच मोजला जातो.

## टप्पा ४: शुल्क आणि त्यावरचा कर

६०,००० चा १ टक्का म्हणजे ६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०८, एकूण ७०८. हे शुल्क साधारणपणे पहिल्या हप्त्याबरोबरच बिलात येते. आपणही तसेच धरू.

आता एकूण खर्च: व्याज २,६५२ + व्याजावरचा कर ४७७ + करासह शुल्क ७०८ = ३,८३७ रुपये.

इथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खरेदी बदलल्याची तारीख आणि पुढच्या स्टेटमेंटची तारीख यांत बरोबर एक महिना असेलच असे नाही. मधल्या जादा दिवसांचे व्याज काही बँका पहिल्या बिलात वेगळे लावतात. ६०,००० वर १५ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज २४.६६ रुपये होते. बारा दिवस जादा असतील तर २९६ रुपये, आणि त्यावर ५३ रुपये कर. अटींमध्ये असे काही लिहिलेले असेल तर तेही खर्चात मिळवा. आपल्या उदाहरणात ते नाही असे धरले आहे.

## टप्पा ५: खर्चाचा वार्षिक दर काढा

नेहमीची चूक अशी: ३,८३७ भागिले ६०,०००, उत्तर ६.४ टक्के. 'म्हणजे साडेसहा टक्क्यांतच काम झाले!' कोणी आणखी पुढे जाऊन सहा महिन्यांचे बारा करतात आणि १२.८ टक्के काढतात. हे उत्तर चुकलेले आहे हे ओळखणे सोपे आहे. व्याज एकट्याचाच दर १५ टक्के होता, आणि त्यात कर व शुल्क मिळवल्यावर तो १२.८ वर उतरणे शक्यच नाही.

भागायचे ते सरासरी कर्जाने. सरासरी ३५,००० रुपयांवर सहा महिन्यांत ३,८३७ रुपये खर्च म्हणजे जवळपास ११ टक्के, आणि वर्षाला त्याच्या दुप्पट. कागदावर करायचे असेल तर हे सूत्र पुरेसे आहे:

```
वार्षिक दर = (एकूण खर्च × 24) ÷ (रक्कम × (महिने + 1))
```

आकडे घाला: ३,८३७ × २४ = ९२,०८८. भागिले ६०,००० × ७, म्हणजे ४,२०,०००. उत्तर ०.२१९, म्हणजे २१.९ टक्के.

नेमके उत्तर हवे असेल तर स्प्रेडशीट उघडा. B1 मध्ये ६०,००० लिहा. B2 ते B7 मध्ये प्रत्येक महिन्यात खिशातून जाणारी पूर्ण रक्कम वजा चिन्हासह लिहा, म्हणजे हप्ता, अधिक कर, अधिक पहिल्या महिन्यात शुल्क. उदाहरणात ते आकडे असे: ११,२८५, १०,५५५, १०,५३३, १०,५११, १०,४८८, १०,४६५. मग रिकाम्या चौकटीत:

```
=IRR(B1:B7, 0.02)*12
```

उत्तर २१.८ टक्के येते. कागदावरच्या आणि स्प्रेडशीटच्या उत्तरात दशांशाचाच फरक आहे. दुकानात उभ्या उभ्या निर्णय घ्यायचा असेल तर मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आणि वरचे सूत्र बिनधास्त वापरा.

हा दर इतर कर्जांच्या जाहीर दराशी तोलण्याजोगा आहे, कारण बँका आपले दरही महिन्याचा दर गुणिले बारा याच रीतीने सांगतात. मात्र दुसऱ्या कर्जाचेही शुल्क धरूनच तुलना करा. पर्सनल लोनच्या शुल्कावर जीएसटी लागतोच, फक्त व्याजावर लागत नाही.

तपासणी: तुमचे उत्तर 'व्याजदर × १.१८' पेक्षा कमी आले, तर काहीतरी सुटले आहे. कोणतेही शुल्क नसताना ते त्याच्या आसपास येते. शुल्क असेल तर ते त्याहून वरच आले पाहिजे.

## टप्पा ६: शुल्काचा भार कुठे बसतो ते पाहून मुदत ठरवा

शुल्क नुसते ७०८ रुपये. ते दराला जवळपास चार टक्क्यांनी कसे वाढवते? कारण ते सरासरी ३५,००० रुपयांवर आणि फक्त अर्ध्या वर्षासाठी दिले आहे. ७०८ म्हणजे ३५,००० चे दोन टक्के, अर्ध्या वर्षाचे दोन म्हणून वर्षाचे चार. मुदत जितकी आखूड, तितके हे शुल्क दराला जास्त चढवते.

तेच ६०,००० रुपये, तोच १५ टक्के दर, तेच ७०८ रुपये शुल्क, फक्त मुदत बदलून पाहा:

| मुदत | एकूण खर्च | वार्षिक दर |
|---|---|---|
| ३ महिने | २,४८५ | २४.८ टक्के |
| ६ महिने | ३,८३७ | २१.८ टक्के |
| १२ महिने | ६,५९१ | २०.० टक्के |

इथे सावध राहा. बारा महिन्यांचा दर सर्वात कमी दिसतो, पण खिशातून जाणारे रुपये सर्वात जास्त आहेत. दर हा वेगवेगळ्या कर्जांची तुलना करण्यासाठी आहे. एकाच कर्जाची मुदत निवडताना मात्र रुपयांकडे पाहा आणि ज्या हप्त्याने महिन्याचा खर्च कोलमडणार नाही अशी सर्वात आखूड मुदत घ्या.

लहान खरेदीवर ठरावीक शुल्क तर फारच जड जाते. ५,००० रुपयांची खरेदी तीन महिन्यांच्या हप्त्यांत बदलली, शुल्क १९९ रुपये आणि कर ३६ रुपये, असे समजा. १५ टक्क्यांनी व्याज आणि त्यावरचा कर मिळून १४८ रुपयेच होतात, पण शुल्कासह खर्च ३८३ रुपये. सूत्रात घातले की वार्षिक दर सुमारे ४६ टक्के. कार्डाचे बिल थकवल्यावर महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर जीएसटी लागला, तर तो दर वर्षाला साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे इतक्या लहान रकमेला हप्ते करून घेणे हे बिल थकवण्याहून फारसे स्वस्त राहत नाही. शक्य असेल तर अशी रक्कम एकदम भरून टाका.

## टप्पा ७: 'नो-कॉस्ट' असेल तर वेगळा हिशेब

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज घेतेच. फक्त तेवढी रक्कम विक्रेता किंवा उत्पादक किमतीतून आधीच वजा करून देतो. ६०,००० ची वस्तू, सहा महिने, १५ टक्के: सूट साधारण २,५४० रुपये, बँकेचे कर्ज ५७,४६०, आणि हप्ता बरोबर १०,०००. हप्त्यांची बेरीज ६०,००० झाली म्हणून फुकट वाटते.

पण २,५४० रुपये व्याजावर १८ टक्के कर लागतोच, तो ४५७ रुपये. शुल्क १९९ आणि त्यावरचा कर ३६. एकूण ६९२ रुपये जास्त गेले, आणि दर वर्षाला ४ टक्के पडला. हे खरोखर स्वस्त कर्ज आहे, आणि पैशांची गरज असेल तर घ्यायला हरकत नाही.

आता पहिल्या टप्प्यातली सहावी नोंद काढा. हीच वस्तू एकरकमी पैसे भरल्यास ५८,००० ला मिळत होती का? तसे असेल तर तुम्ही घेतलेले कर्ज ५८,००० चे आहे आणि त्यावर ६०,६९२ फेडत आहात. स्प्रेडशीटमध्ये B1 ला ५८,००० आणि B2 ते B7 मध्ये या व्यवहारातल्या दर महिन्याच्या रकमा, म्हणजे १०,००० चा हप्ता, अधिक कर, अधिक पहिल्या महिन्यात शुल्क, वजा चिन्हासह लिहून पाहा, दर १५.८ टक्के येतो. कागदोपत्री 'नो-कॉस्ट', पण खर्च नेहमीच्या कर्जाइतका. सोडून दिलेली सूट हा या व्यवहारातला सर्वात मोठा आणि सर्वात न दिसणारा खर्च आहे. म्हणून दुकानदाराला प्रश्न असा विचारा: 'ईएमआय न करता पूर्ण पैसे आत्ता दिले तर शेवटची किंमत काय?' हा प्रश्न ईएमआयचा विषय काढण्याआधी विचारा.

## टप्पा ८: कोणत्या दिवशी बदलायचे

कार्डावर खरेदी केली की बिल भरण्याच्या तारखेपर्यंतचे दिवस बिनव्याजी असतात. समजा, स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला निघते आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७. २० तारखेला खरेदी केली तर साधारण ४८ दिवस पैसे बिनव्याजी वापरता येतात. त्याच दिवशी खरेदी हप्त्यांत बदलली तर हे दिवस सोडून दिल्यासारखे होते, कारण व्याज बदलल्याच्या तारखेपासून सुरू होते. ६०,००० वर ४५ दिवसांचे व्याज १,११० रुपये होते, करासह १,३०० च्या वर.

म्हणून खरेदीनंतर बदलण्याची सोय असेल तर घाई करू नका. आधी अॅपमध्ये दोन गोष्टी पाहा: ही खरेदी कोणत्या तारखेपर्यंत बदलता येईल, आणि उशिरा बदलल्यास दर तोच राहील का. दोन्ही उत्तरे सोयीची असतील तर थांबा. दुकानातच काउंटरवर केलेल्या ईएमआयला हा पर्याय नसतो, तो पहिल्या दिवसापासून हप्त्यांतच असतो.

सावधान: स्टेटमेंट निघाल्यानंतर बदल केला तर निघालेल्या बिलातली रक्कम आपोआप कमी होईल असे गृहीत धरू नका. बिल भरण्यासाठी ऑटो-डेबिट लावलेले असेल तर जुनी पूर्ण रक्कम खात्यातून जाऊ शकते. बदल झाल्यावर 'या महिन्यात नेमके किती भरायचे' हे बँकेकडून लेखी घ्या आणि ऑटो-डेबिटची रक्कम तपासा. हे शेवटच्या दिवशी करू नका, तीन-चार दिवस हाताशी ठेवा.

## टप्पा ९: पहिले स्टेटमेंट आकड्याला आकडा लावून तपासा

पहिल्या बिलात हे सगळे वेगवेगळे दिसले पाहिजे: मूळ खरेदीची रक्कम जमा होऊन कर्जात गेलेली, मुद्दल ९,६९२, व्याज ७५०, व्याजावरचा कर १३५, शुल्क ६००, शुल्कावरचा कर १०८. बेरीज ११,२८५. तुमच्या कागदावरच्या पहिल्या महिन्याच्या रकमेशी ती जुळते का ते पाहा. मूळ ६०,००० आणि हप्ता दोन्ही बिलात उभे असतील तर बदल पूर्ण झालेला नाही, ताबडतोब विचारणा करा.

त्यानंतर दर महिन्याला एक नियम पाळावा लागतो, आणि तो मोडला तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. बिल पूर्ण भरा. हप्ता हा बिलाचाच भाग आहे. 'हप्ता तर भरला' म्हणून त्याच कार्डावरच्या किराणा-पेट्रोलच्या १५,००० रुपयांपैकी थोडेच भरले, तर उरलेल्या रकमेवर थकबाकीचे व्याज सुरू होते आणि नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवसही जातात. हप्त्याचा दर २२ टक्के आणि शेजारच्या रकमेचा ४९, असे दोन्ही एकाच बिलात चालू राहतात. शिवाय हप्त्यांत बदललेल्या रकमेने कार्डाची मर्यादा अडकलेली असते आणि ती मुद्दल फिटत जाईल तशी मोकळी होते. म्हणून शेवटचा हप्ता जाईपर्यंत त्या कार्डावर इतर खर्च कमी ठेवलेला बरा.

## टप्पा १०: मध्येच पैसे आले तर बंद करण्याआधी वजाबाकी करा

बोनस आला, आता कर्ज संपवून टाकू, हा विचार स्वाभाविक आहे. पण मुदतपूर्व बंद करण्याचे शुल्क राहिलेल्या मुद्दलावर लागते. ते ३ टक्के आहे असे धरून पाहू.

तीन हप्ते झाल्यावर बाकी मुद्दल ३०,५५९. शुल्क ९१७, त्यावर कर १६५, एकूण १,०८२ रुपये. वाचणारे व्याज किती? ३८२ + २५६ + १२९ = ७६७, त्यावरचा कर १३८, एकूण ९०५. म्हणजे कर्ज लवकर बंद करून १७७ रुपये जास्तच जातात. अशा वेळी पैसे बचत खात्यात ठेवून हप्ते चालू ठेवणे योग्य.

पहिल्याच हप्त्यानंतर बंद केले असते तर शुल्क करासह १,७८१ गेले असते आणि व्याज-कर मिळून २,२४४ वाचले असते, म्हणजे ४६३ रुपयांचा फायदा. उशीर होत जाईल तसा फायदा आटतो, कारण घटत्या शिलकीच्या कर्जात बहुतेक व्याज सुरुवातीलाच वसूल झालेले असते. सुरुवातीला दिलेले प्रक्रिया शुल्क दोन्ही बाबतींत परत येत नाही, म्हणून त्याला या वजाबाकीत घेऊच नका.

वस्तू परत केली तर वेगळा प्रकार होतो. विक्रेत्याकडून पैसे कार्डावर जमा होतात, पण ईएमआय आपोआप बंद होतोच असे नाही. परतावा जमा झाल्याचा पुरावा घेऊन बँकेला ईएमआय रद्द करायला स्वतः सांगा. तोपर्यंत लागलेले व्याज, कर आणि शुल्क यांपैकी काय परत मिळणार तेही त्याच वेळी लेखी विचारा.

आकडे जुळत नसतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावरून तक्रार विनामूल्य दाखल करता येते. तिला पहिल्या टप्प्यातला स्क्रीनशॉट, पहिले स्टेटमेंट आणि तुमचा महिन्यामहिन्याचा तक्ता जोडा.